नालकुंतलाच्या आत होकायंत्र ठेवलं तर लाल टोक उत्तर ध्रुवाकडेच का वळतं?

शर्वरी_नाशिक

लेक यंदा दहावीला आहे. विद्युतधारेचे परिणाम हा धडा चालू असताना तिला नालकुंतल स्वतः करून बघायचं होतं. मोटर वाइंडिंगवाल्याकडून २६ गेजची तांब्याची तार आणली. ३ सेंटिमीटर व्यासाच्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्यावर तिने तारेचे १०० वेढे अगदी चिकटून घेतले, त्यांना जेमतेम ५ सेंटिमीटर जागा लागली. तारेच्या दोन्ही टोकांचं एनॅमल पॉलिश पेपरने खरवडलं आणि एक मोठा सेल जोडला.

आता अडचण सांगते. पाइप टेबलावर डावी-उजवीकडे आडवा ठेवलाय आणि आम्ही उत्तरेकडे तोंड करून बसलोय. सेलची धन बाजू डाव्या टोकाला जोडली आहे. लेकीचं म्हणणं असं, की धारा डावीकडून आत जाते आणि उजवीकडून बाहेर पडते, म्हणजे अंगठा उजवीकडे धरायचा, म्हणून उत्तर ध्रुव उजवीकडे. होकायंत्र मात्र उलटं सांगतं. डाव्या तोंडासमोर ठेवलं की लाल टोक कुंतलापासून लांब, डावीकडे वळतं. म्हणजे उत्तर ध्रुव डावीकडेच असला पाहिजे.

त्याहून मोठा गोंधळ पुढे आहे. तिने कंपासपेटीतलं ते बटणाएवढं होकायंत्र पाइपच्या आत सरकवलं. तिथेही लाल टोक डावीकडेच, म्हणजे कुंतलाच्या उत्तर ध्रुवाकडे! लाल टोक हा सुईचा उत्तर ध्रुव. मग समान ध्रुवांचं प्रतिकर्षण कुठे गेलं? मी वाणिज्य शाखेची, त्यामुळे मला उत्तर देता येईना. कोणी नीट समजावून सांगेल का?

अमोघ_२२

ताई, सेल उलटा लावला असेल, बाकी काही नाही. बलरेषा नेहमी उत्तर ध्रुवाकडून दक्षिण ध्रुवाकडे जातात. पट्टीचुंबक असो नाहीतर नालकुंतल, आत असो की बाहेर, नियम एकच.

शर्वरी_नाशिक

सेल तपासला, बरोबर लावलाय. आणि उलटा लावला तर आतली आणि बाहेरची सुई दोन्ही वळतात, त्यामुळे प्रश्न तसाच राहतो.

ऊसवाला

आमच्या विहिरीवरच्या मोटरच्या स्टार्टरमधली कॉइल मागच्या आठवड्यात बदलली. मिस्त्रीने जुन्या कॉइलची टोकं न बघता नवी जोडली. तेव्हापासून जरा जास्त घरघरते. उत्तर-दक्षिण उलटं झाल्यामुळे असेल का?

प्रयोगवही

शर्वरीताई, तुमच्या लेकीने आधी करून बघितलं आणि मग नियमाला प्रश्न विचारला, हे मला फार आवडलं. मी कॉलेजात भौतिकशास्त्राची प्रात्यक्षिकं घेत असे. हे दोन्ही प्रश्न दरवर्षी यायचे, पण कागदावर. सुई आत सरकवून कोणी विचारत नसे.

पहिला प्रश्न अंगठ्याचा. सरळ तारेसाठी अंगठा धारेच्या दिशेने धरतो आणि बोटं ज्या दिशेने वळतात ती बलरेषांची दिशा. नालकुंतलात याची अदलाबदल होते: बोटं धारेच्या दिशेने वळवायची, मग अंगठा आतल्या बलरेषांची दिशा दाखवतो. ज्या टोकाकडे अंगठा जातो तो उत्तर ध्रुव. लेकीने अख्खा पाइप म्हणजे एक जाड तार मानली आणि अंगठा पाइपच्या लांबीला लावला. धारा पाइपच्या लांबीने फारशी जातच नाही. ती वेढ्यावेढ्यातून गोल फिरते, आणि गोल फिरता फिरता एका वेढ्यामागे जेमतेम अर्धा मिलिमीटर पुढे सरकते.

म्हणून धन टोक डावीकडे की उजवीकडे, एवढ्यावरून ध्रुव ठरत नाही. तार कोणत्या अंगाने गुंडाळली हे बघावं लागतं. मला एक सांगा: तुमच्या समोरच्या बाजूला, म्हणजे पाइपची जी बाजू तुमच्याकडे आहे तिथे, धारा खालून वर जाते की वरून खाली? धन टोकापासून तारेवर बोट फिरवत गेलात की कळेल.

शर्वरी_नाशिक

बोट फिरवून पाहिलं. समोरच्या बाजूने वर चढते, माथ्यावरून पलीकडे जाते, मागून उतरते आणि पाइपच्या खालून परत आमच्याकडे येते.

प्रयोगवही

मग आता उजवा हात पाइपच्या समोरच्या बाजूवर ठेवा. तळवा पाइपला टेकलेला, बोटं वर, आणि ती माथ्यावरून पलीकडे वळवलेली. अंगठा आपोआप डावीकडे जातो. म्हणजे उत्तर ध्रुव डावीकडे. तुमचं होकायंत्र खरं बोलतंय.

ताळा करायचा असेल तर पाइपच्या डाव्या तोंडातून आत बघा. धारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरताना दिसेल. तशी दिसली की ते टोक उत्तर. उजव्या तोंडातून तीच धारा काट्यांच्या दिशेने फिरताना दिसेल, म्हणून ते दक्षिण.

आणि हे दोन वेगळे नियम नाहीत बरं का. समोरच्या बाजूचा तारेचा एकच छोटा तुकडा घ्या. तिथे धारा वर जाते, म्हणून अंगठा वर करून तेवढाच तुकडा मुठीत धरा. बोटं पाइपच्या आतल्या अंगाला डावीकडे वळतात आणि बाहेरच्या अंगाला उजवीकडे. आता माथ्यावरचा तुकडा घ्या, अंगठा पलीकडे करा. आतल्या अंगाला पुन्हा डावीकडेच. वेढ्यातला कुठलाही तुकडा धरला तरी आत डावीकडे. म्हणून आतलं क्षेत्र सगळीकडून साठत जातं.

सुलभा_मावशी

सर, हे तुकडा धरून बघण्याचं मला कोणी असं दाखवलंच नव्हतं. दोन नियम दोन चौकटीत पाठ केले होते. आत्ता पंख्याच्या वायरचा वेढा हातात घेऊन करून बघितलं.

पेनवाला_मास्तर

मी दहावीचे क्लास घेतो. उत्तरपत्रिकेत एक चूक सारखी दिसते. मुलांचा उजवा हात पेन धरण्यात गुंतलेला असतो, म्हणून ती मोकळा असलेला डावा हात वळवून बघतात आणि उत्तर बरोबर उलटं येतं. त्यांचा नियम पाठ असतो, आकृतीही सुरेख असते, पण ध्रुव उलटे. मी आता वर्गात सांगतो, आधी पेन खाली ठेवा. डावखुरी मुलं या प्रश्नात क्वचितच चुकतात, कारण त्यांचा उजवा हात रिकामा असतो!

शर्वरी_नाशिक

हे लेकीला वाचून दाखवलं, हसली खूप. सर, अंगठ्याचं पटलं. आता आतल्या सुईचं सांगा ना. तिचं म्हणणं, ‘आई, लाल लालला ओढतंय.’

प्रयोगवही

‘समान ध्रुवांचं प्रतिकर्षण’ हा नियम दोन चुंबक एकमेकांच्या बाहेर असतात तेव्हाचा आहे. सुई कुंतलाच्या पोटात गेली की तो वापरताच येत नाही. सुईला ‘पलीकडे कोणता ध्रुव आहे’ हे कळत नाही. ती जिथे आहे तिथली बलरेषा ज्या दिशेला जाते, त्या दिशेला तिचं लाल टोक वळतं, एवढंच तिला ठाऊक.

आता बलरेषेच्या मागे मागे चला. डाव्या तोंडातून, म्हणजे उत्तर ध्रुवातून, ती बाहेर पडते. बाहेरून वळसा घेऊन उजव्या तोंडाशी, दक्षिण ध्रुवाशी येते आणि आत शिरते. आत शिरल्यावर ती थांबत नाही, कारण बलरेषेला टोक नसतं. ती आतून उजवीकडून डावीकडे, म्हणजे दक्षिणेकडून उत्तरेकडे जाते आणि पुन्हा तिथूनच बाहेर पडते. अमोघ, तुझं वाक्य बाहेरच्या भागापुरतं बरोबर आहे. आतला भाग जोडला की वर्तुळ पूर्ण होतं.

ताई, हे तपासायला तुमच्याकडे सगळं सामान आहे. सेल जोडण्याआधी सुई उत्तर दाखवते, म्हणजे पाइपशी काटकोनात. आता कुंतलाच्या मध्यापासून १० सेंटिमीटरवर, पाइपच्या सरळ रेषेत, डावीकडे होकायंत्र ठेवा. साधारण १ अँपिअर धारा असेल तर सुई उत्तरेपासून अंदाजे २० अंश पश्चिमेला वळेल. तेवढ्याच अंतरावर उजवीकडे ठेवा. तिथेही पश्चिमेलाच, आणि जवळपास तेवढीच. मग पाइपच्या समोर, तुमच्या बाजूला, मध्यापासून १० सेंटिमीटरवर ठेवा. आता ती पूर्वेला वळेल, आणि निम्मीच, १० अंशांच्या आसपास. दोन्ही तोंडांशी एक दिशा, कुशीला उलटी दिशा. बाहेरून परत येणारी रेषा ती हीच.

सेल सेकंद-दोन सेकंदच जोडा. १०० वेढ्यांची तार साडेनऊ मीटर भरते, तिचा रोध जेमतेम १ ओहम. सेल लवकर गरम होतो आणि धारा उतरत जाते, मग कोनही उतरतात. होकायंत्राजवळ मोबाइल, कात्री, स्टीलचं टेबल नको.

अमोघ_२२

सर, नालकुंतलाचं मान्य, तो पोकळ आहे, आत सुई जाते. पण पट्टीचुंबक भरीव. त्याच्या आत बलरेषा दक्षिणेकडून उत्तरेकडे जातात हे कोणी पाहिलंय? लोहकीस तर बाहेरच पसरतो.

माई_अलिबाग

लोहकिसाने दिशा कधीच कळत नाही, आत काय आणि बाहेर काय. कागदावर कमानी छान उमटतात, पण कीस दोन्ही बाजूंनी सारखाच. दिशा सुईच सांगते. आमच्या वेळी अकरावीला पट्टीचुंबक कागदावर ठेवून सुईच्या टोकाशी पेन्सिलीने ठिपका, मग सुई पुढे सरकवून पुढचा ठिपका, असं करत रेषा काढायला लावायचे. चुंबकाचं उत्तर टोक भौगोलिक उत्तरेकडे ठेवलं की कुशीला दोन्ही बाजूंना एकेक जागा अशी सापडायची जिथे सुई कुठेही थांबायची. उत्तर टोक दक्षिणेकडे केलं की त्या जागा चुंबकाच्या दोन टोकांसमोर यायच्या. पृथ्वीचं आणि चुंबकाचं क्षेत्र एकमेकांना पुरून उरत नाही ती ती जागा. उदासीन बिंदू म्हणायचो आम्ही.

विषय निघालाच आहे तर सांगते. मुंबईची भूचुंबकीय वेधशाळा कुलाब्याला होती. शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर, त्यांच्या धारेने सुया हलतील म्हणून ती १९०४ साली आमच्या अलिबागला हलवली. मुद्दाम लोखंड न वापरता इमारत बांधली. पुढे १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली. म्हणजे उजव्या हाताच्या नियमाने अख्खी वेधशाळा खाडीपलीकडे नेली!

टेक्सासकर

माई, मी अलिबागचाच. लहानपणी त्या आवारावरून जायचो, तिथे लोखंड का नाही हे आज कळलं.

ऊसवाला

माझ्या स्टार्टरचं राहिलंच.

प्रयोगवही

राहिलं खरं. तुमच्या कॉइलला एसी मिळतो. तिथे धारा सेकंदाला ५० वेळा पूर्ण फेरी घेते, म्हणून कॉइलचं उत्तर टोकही तेवढ्याच वेळा दक्षिण होतं आणि परत उत्तर होतं. कोणत्याही क्षणी मुठीचा नियम लागू असतोच, पण लोखंडी गाभा दोन्ही वेळा ओढलाच जातो. त्यामुळे टोकं अदलाबदल झाल्याने काही बिघडत नाही. घरघर वाढली असेल तर गाभ्याची तोंडं एकमेकांवर नीट बसत नसतील, मध्ये धूळ किंवा गंज असेल, किंवा तोंडावरचं तांब्याचं छोटं कडं निसटलं असेल. कॉइलवर लिहिलेला व्होल्टेज तुमच्या जोडणीशी जुळतो का तेही बघून घ्या. वीज पूर्ण बंद करूनच मिस्त्रीकडून उघडवा.

ऊसवाला

धन्यवाद सर. कडं आहे की नाही ते मिस्त्रीला विचारतो.

खटपट्या_कोल्हापूर

मी स्पीकर दुरुस्त करतो. अमोघच्या शंकेला माझ्याकडे उत्तर आहे आणि ते सरांच्या विरुद्ध जातंय. जळलेल्या स्पीकरचा काळा गोल चुंबक असतो ना, मध्ये भोक असलेला, तो मी दोन्ही पत्रे काढून मोकळा केला. बाहेरून ७ सेंटिमीटर, भोक ३ च्या थोडं वर, जाडी दीड. लांबून होकायंत्राने कोणतं तोंड उत्तर ते ठरवलं आणि खडूने खूण केली. मग दोऱ्याला बारकी मॅग्नेटची गोळी बांधून (तिचीही उत्तर बाजू रंगवून) भोकात सोडली. भोकात ती उत्तर तोंडाकडून दक्षिण तोंडाकडे बघते. म्हणजे चुंबकाच्या आत रेषा उत्तरेकडून दक्षिणेकडे जातात! नालकुंतलासारखं नाही.

अमोघ_२२

हे घ्या! मी काय म्हणत होतो?

सुलभा_मावशी

आता काय? दोन्ही प्रयोग तर खरे दिसताहेत.

प्रयोगवही

दोन्ही खरे आहेत, आणि खटपट्या, तुमचा प्रयोग या धाग्यातला सगळ्यात चांगला आहे. फक्त एक बघा. भोक म्हणजे चुंबकाचं पोट नव्हे. भोकात चुंबकाचा पदार्थच नाही, तिथे हवा आहे.

चुंबकाच्या प्रत्येक अणूभोवती धारेचा एक बारकासा वेढा आहे असं समजा. १८२० साली ओर्स्टेडने तारेजवळ सुई हलते हे दाखवलं, आणि त्यानंतर अँपिअरने चुंबकाकडे असं बघायला सुरुवात केली. हे सगळे वेढे एकाच दिशेने फिरतात. शेजारच्या दोन वेढ्यांच्या लागून असलेल्या कडांवर धारा एकमेकींविरुद्ध येतात आणि आतल्या आत रद्द होतात. शिल्लक राहते ती फक्त बाहेरच्या पृष्ठभागावरून फिरणारी धारा. म्हणून पट्टीचुंबक बाहेरून अगदी शर्वरीताईंच्या कुंतलासारखा वागतो. उत्तर तोंडाकडून बघितलं की ही धारा काट्यांच्या उलट.

पण तुमच्या चकतीला भोक आहे. भोकाच्या कडेला असलेल्या वेढ्यांना आतल्या अंगाने शेजारी नाही. तिथेही धारा शिल्लक उरते, आणि ती बाहेरच्या धारेच्या उलट फिरते. म्हणजे तुमची चकती एक कुंतल नाही, एकात एक ठेवलेली दोन कुंतलं आहेत: मोठं एका दिशेने, छोटं उलट दिशेने. मूठ दोनदा वळवा. मोठ्याचा अंगठा उत्तर तोंडाकडे, छोट्याचा दक्षिण तोंडाकडे. भोकाच्या मध्यावर छोटं कुंतल जवळ आहे म्हणून त्याचाच जोर जास्त. गोळी उलटी बघते ती त्यामुळे. दोन्ही कुंतलांच्या मधल्या काळ्या पदार्थात मात्र दोघांचे अंगठे वेगळं सांगत नाहीत. छोट्या कुंतलाच्या बाहेर आलो की त्याची परतीची रेषा मोठ्याच्याच दिशेने जाते. तिथे दिशा दक्षिणेकडून उत्तरेकडे.

याचा एक परिणाम तुम्ही लगेच तपासू शकता. लांब गेलं की क्षेत्रफळ जास्त असलेल्या मोठ्या कुंतलाचा जोर चालतो, भोकात छोट्याचा. मग अक्षावर मध्ये कुठेतरी दोघं बरोबरीत आले पाहिजेत. तुमच्या मापांवरून मी गणित केलं, उत्तर तोंडापासून साधारण १ सेंटिमीटर वर. गोळी दोऱ्याने बरोबर मध्यावरून हळूहळू खाली सोडा. त्या जागी ती उलटली पाहिजे. भरीव चुंबक घेतला तर अशी जागा सापडणार नाही.

खटपट्या_कोल्हापूर

सर, दोन कुंतलांचं ऐकून डोकं फिरलं, पण आत्ता दुकानातच आहे, लगेच करून बघतो. गोळी चुंबकाला चिकटायला धावते, ती धरून ठेवायला स्ट्रॉ वापरतो.

माई_अलिबाग

खटपट्या, होकायंत्र त्या चुंबकाच्या फार जवळ नेऊ नका. स्वस्तातल्या होकायंत्राची सुई जोरदार चुंबकाजवळ गेली की स्वतःच उलटी चुंबकित होते. मग लाल टोक दक्षिण दाखवायला लागतं आणि पुढचे सगळे निष्कर्ष उलटे येतात. प्रत्येक प्रयोगाआधी होकायंत्र सगळ्यांपासून लांब नेऊन लाल टोक खरंच उत्तरेकडे जातं का बघायचं. सूर्य कुठून उगवतो हे माहीत असलं की पुरे.

पेनवाला_मास्तर

माईंचं शंभर टक्के खरं. आमच्या क्लासच्या पेटीतल्या होकायंत्रांपैकी काही अशीच बाद झाली आहेत. मुलं ती चुंबकांबरोबर एकाच डब्यात टाकतात. शर्वरीताई, तुमचंही एकदा तपासा. नाहीतर सगळी चर्चा उलट्या सुईवर व्हायची.

शर्वरी_नाशिक

तपासलं, आमचं सरळ आहे. आणि सरांनी सांगितलेल्या तिन्ही जागा करून बघितल्या. डावीकडे आणि उजवीकडे पश्चिमेला वळली, समोर पूर्वेला. कोन मात्र सांगितल्यापेक्षा कमी आले, दोन्हीकडे १५ च्या जवळपास आणि समोर ७-८. सेल जुना आहे, त्यामुळे असेल का?

प्रयोगवही

बहुधा तेच. १५ आणि ७-८ म्हणजे निम्म्याचं प्रमाण जमलंय, हे महत्त्वाचं. तुमच्याकडे पृथ्वीचं आडवं क्षेत्र ४० मायक्रोटेस्लाच्या थोडं खाली असतं. त्यावरून तुमची धारा १ अँपिअरऐवजी ०.७ च्या आसपास येते, जुन्या सेलला शोभेल अशी. एवढ्या धारेतही कुंतलाच्या मध्यावरचं क्षेत्र पृथ्वीच्या ३५-४० पट आहे, म्हणून आतली सुई पाइपच्या रेषेत अगदी ताठ उभी राहते आणि बाहेरची नुसती कलते.

अमोघ_२२

सर, एक विचारू? लेकीने पाइपवर दुसरा थर गुंडाळला, उजवीकडून डावीकडे परत येत, तर दुसऱ्या थरातली धारा उलटी जाऊन पहिला थर रद्द होईल ना?

खटपट्या_कोल्हापूर

याचं उत्तर मी देतो, रोजचं काम आहे. पाइप फिरवण्याची दिशा तीच ठेवली तर तार उजवीकडून डावीकडे परत आली तरी जोर वाढतो. ट्रान्सफॉर्मरचे थर असेच जातात. थर परतताना जर पाइप उलटा फिरवायला लागलास, तर मात्र वेढे एकमेकांना खातात. कॉइल गरम होते, रोध बरोबर दाखवते, आणि ओढ शून्य. नवख्याने गुंडाळलेली अशी कॉइल मीटरवर सापडत नाही, होकायंत्रावर सापडते.

आणि सर, केलं. स्ट्रॉमधून गोळी खाली सोडली. वर असताना रंगवलेली बाजू वर, खडूच्या तोंडाच्या जवळ आली की वळवळली आणि उलटली. पट्टीने मोजलं, तोंडापासून ८ ते १२ मिलिमीटरच्या मध्ये कुठेतरी. नेमकी जागा धरता येत नाही, स्ट्रॉ जरा बाजूला गेला तरी लगेच फरक पडतो.

सुलभा_मावशी

वा! गणितातून आलेली जागा कोल्हापूरच्या दुकानात सापडली.

अमोघ_२२

जागा सापडली मान्य. पण यातून पदार्थाच्या आत रेषा दक्षिणेकडून उत्तरेकडे जातात हे सिद्ध झालं का? तिथे तर गोळी अजूनही गेली नाही. पट्टीचुंबक मधून आडवा कापला आणि दोन तुकड्यांत कागदाएवढी फट ठेवली तर?

प्रयोगवही

फटीच्या एका बाजूला नवा उत्तर ध्रुव तयार होईल, दुसऱ्या बाजूला नवा दक्षिण. फटीतली रेषा नव्या उत्तरेकडून नव्या दक्षिणेकडे जाईल, आणि ती दिशा मूळ चुंबकाच्या दक्षिणेकडून उत्तरेकडेच आहे. कागदावर काढून बघ. पण खटपट्यांच्या भोकासारखा लांबीने बोगदा पाडलास तर त्यात उलटं दिसेल. पोकळी कशी कापली यावर आत काय दिसतं ते ठरतं, म्हणून पोकळीतली सुई पदार्थातल्या क्षेत्राचा थेट पुरावा मानायचा का, यावर तुझा आक्षेप मी पूर्ण खोडून काढणार नाही. माझा भर आडव्या फटीवर, कारण बलरेषा तुटत नाही आणि अरुंद फट ओलांडताना तिची दिशा बदलायला जागाच नसते.

अमोघ_२२

मग आडव्या फटीला झुकतं माप का आणि बोगद्याला का नाही, हे मला अजून पूर्ण पटलं नाही. दोन पट्टीचुंबक टोकाला टोक लावून फटीत गोळी टांगून बघतो, मग लिहितो.

पेनवाला_मास्तर

शर्वरीताई, परीक्षेपुरतं: आकृतीत नालकुंतलाच्या आतल्या रेषांवर बाण दक्षिणेकडून उत्तरेकडे, बाहेर उत्तरेकडून दक्षिणेकडे, आणि रेषा बंद. आत त्या समांतर आणि सारख्या अंतरावर काढायला सांगा, तोंडाशी फाकत जाणाऱ्या. बाण विसरले की गुण जातात. आणि समोरच्या बाजूच्या वेढ्यांवर धारेचा बाण काढलाच पाहिजे, नाहीतर ध्रुव कशावरून ठरवले ते तपासणाऱ्याला कळत नाही.

शर्वरी_नाशिक

सांगितलं. तिने आकृती काढली आणि लगेच पुढचा प्रश्न विचारला: पाइपमध्ये लोखंडी खिळा घातला तर बाहेरची सुई जास्त वळते, पण सेल काढल्यावरही थोडी वळलेलीच राहते. खिळ्याचं कोणतं टोक उत्तर झालं असेल, ते ती आता सेल न जोडता, नुसत्या मुठीने आधी ठरवतेय.

माई_अलिबाग

ठरवलं की खिळा बाहेर काढून, कुंतलापासून लांब नेऊन सुईशी तपासायला सांग. खिळ्याचं एकेक टोक सुईच्या लाल टोकाजवळ हळूच आणायचं आणि लाल टोक ज्याच्यापासून दूर पळेल ते उत्तर. नुसतं ओढलं गेलं तर काही सिद्ध होत नाही, साधं लोखंडही सुईला ओढतं.

शर्वरी_नाशिक

डावं टोक दूर पळवतंय, माई. मुठीनेही तिने डावंच सांगितलं होतं.

अमोघ_२२

आणि माझ्याकडे दोन चुंबकांमधली फट इतकी ओढून घेते की गोळी मध्ये राहतच नाही, कडेला जाऊन चिकटते. कोणाकडे काही युक्ती?

खटपट्या_कोल्हापूर

दोन चुंबकांच्या मध्ये ॲल्युमिनियमची पट्टी घाल, तिला बारीक भोक पाड आणि गोळी त्यात सैल बसव. ॲल्युमिनियमला चुंबक ओढत नाही. गोळीला फिरायला मात्र जागा ठेव, नाहीतर जशी घातलीस तशीच दिसेल.